बुरशी आधी, पूर नंतर: कोल्हापुरातल्या एका चटणी व्यवसायाच्या फाउंडर व्हिडिओची स्क्रिप्ट

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका घरगुती चटणी व्यवसायाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. व्यवसाय चालवणाऱ्या बाईंना इथे ताई म्हणतो. त्या पंचगंगेच्या बाजूच्या एका पेठेत राहतात, यजमान उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये काम करतात, चटणीची कृती सासूबाईंची.

ज्यांनी कोल्हापूरचा उन्हाळा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एप्रिल-मेमध्ये इथे घरोघरी वर्षाची चटणी होते. रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी मिरची आणायची, देठं खुडायची, गच्चीवर वाळवायची. कांदा चिरून उन्हात सुकवायचा आणि मग तेलात तळायचा. खोबरं, तीळ, धणे, खसखस आणि गरम मसाला वेगवेगळं भाजायचं, लसूण सोलायचा आणि सगळं घेऊन कांडपावर रांगेत बसायचं. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुलं गावी आली की परत जाताना पिशवीत ही चटणी असतेच. ताईंचा व्यवसाय त्या पिशवीतूनच सुरू झाला. गल्लीतल्या मुलांच्या मित्रांनी मागितली, म्हणून २०१८च्या उन्हाळ्यात त्यांनी थोडी जास्त केली आणि विकली.

२०२३ साली त्यांनी वेबसाइट करायला घेतली. 'आमच्याबद्दल' या पानासाठी दोन-अडीच मिनिटांचा व्हिडिओ हवा होता आणि त्याची स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. ताईंची मागणी स्पष्ट होती: "दादा, सगळं गोडगोड नको. आमचं सुरवातीला लई नुकसान झालं होतं, ते बी सांगूया." गणपतीच्या आधी वेबसाइट सुरू करायचं ठरलं होतं.

अडचण

अशा स्क्रिप्टसाठी मी आधी कागदावर काही लिहीत नाही. माणसाला तास-दीड तास बोलतं करतो, ते रेकॉर्ड करतो, शब्दन् शब्द उतरवून काढतो आणि त्यातून वाक्यं उचलतो. कारण साधं आहे. ज्याला कॅमेऱ्याची सवय नाही त्याच्या तोंडी लिहिलेली वाक्यं दिली की ती पाठ केल्यासारखी वाटतात. स्वतःच बोललेलं वाक्य परत म्हणायला मात्र कुणाला त्रास होत नाही.

ताई छान बोलल्या. अपयशाचा भाग आला तेव्हा त्यांनी असं सांगितलं: २०१९ला पुण्याच्या एका दुकानाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली, उत्साहाने माल केला, आणि मग महापूर आला. गल्लीत पाणी शिरलं, महामार्ग बंद पडला, मिरचीची पोती भिजली, चटणी खराब झाली, दुकानदाराचे पैसे परत द्यावे लागले.

ऐकायला ही गोष्ट पूर्ण होती. २०१९च्या ऑगस्टमधला तो पूर कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ काही दिवस बंद होता. त्या पुरात कुणाचं नुकसान झालं असं म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही.

संहितेचा पहिला खर्डा करण्याआधी मी प्रत्येक विधानाला काहीतरी कागद मागतो: पावती, जुना फोटो, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज. अविश्वास म्हणून नव्हे. चार-पाच वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगताना माणसाच्या मनात क्रम बदलतो, आणि व्हिडिओ वर्षानुवर्षं वेबसाइटवर राहतो. ताईंनी जुना फोन काढून दिला. त्यात दुकानदाराचा मेसेज होता, सोबत झाकणाच्या आतून पांढरट-हिरव्या बुरशीचा फोटो. तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. घरगुती गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांतल्या. पूर आला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे बरण्या खराब झाल्या तेव्हा महापूर आलेलाच नव्हता.

मी फोन ताईंपुढे ठेवला. त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय, हे आधीचं हाय. पुरानंतर सगळ्यांना पुराचंच सांगितलं. मग मलाबी तसंच वाटायला लागलं."

त्या खोटं बोलत होत्या असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पुरात पोती भिजली हे खरंच होतं. दोन नुकसानं एका महिन्याच्या अंतराने झाली आणि सांगता सांगता त्यांची एकच गोष्ट झाली. पण आता तारखा समोर होत्या आणि संहितेत काय घ्यायचं ते ठरवायचं होतं.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी घरात सगळे बसलो. यजमानांचं म्हणणं होतं की पुराची गोष्ट ठेवावी. "पाणी आलं नव्हतं का? आलंच होतं की. पोती भिजली नव्हती का? मग खोटं काय त्यात?" त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरंच होतं. खोटं होतं ते दोन वाक्यांमधलं 'म्हणून'.

सासूबाईंचं मत वेगळं: अपयश सांगूच नये. खाण्याच्या वस्तूबद्दल एकदा वाईट बोललं की लोकांच्या मनातून ते जात नाही. कृती तीन पिढ्यांची आहे, तेवढंच सांगावं. हा सगळ्यात सुरक्षित मार्ग दिसतो. पण कांदा-लसूण मसाला विकणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर आजीची कृती आणि खलबत्त्याचं चित्र असतंच, त्यामुळे बघणाऱ्याला या घराबद्दल नवीन काहीच कळलं नसतं.

तिसरा पर्याय ताईंचा होता: सगळीच अपयशं सांगायची. बुरशीशिवाय आणखी दोन होती. सुरुवातीला कुरिअरने पाठवलेल्या बरण्यांमधून तेल गळून खोकी भिजायची. आणि पहिल्या वर्षी किंमत ठरवताना त्यांनी मिरची, तेल, कांडप आणि बरणीचा खर्च धरला, पण स्वतःच्या आणि सासूबाईंच्या मेहनतीचा एक रुपयाही धरला नाही. त्यामुळे विक्री वाढली तसं काम वाढलं, पण हातात काही उरलं नाही. उद्योजकाला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात शिकवून जाणारी. पण वेबसाइट बघायला उद्योजक येत नाहीत, चटणी घेणारे येतात. त्यांना किंमत कशी चुकली हे ऐकून काही ठरवता येत नाही. उलट 'आधी आम्ही स्वस्त विकत होतो' हा सूर आजच्या किमतीची सफाई दिल्यासारखा लागतो. तेल गळण्याचा प्रश्न बरणीत आतलं सील लावून मिटला होता. त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं.

चौथा पर्याय म्हणजे फक्त बुरशी. तिचं कारण, ती कुणाला भोवली आणि त्यानंतर काय बदललं, एवढंच सांगायचं. पूर त्यात येईल, पण आपल्या जागी, म्हणजे नंतर.

माझा कौल चौथ्याला होता. खाण्याची वस्तू ऑनलाइन घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न असतो तो ती टिकेल का हा. ताईंचं जे अपयश नेमकं त्याच प्रश्नाला भिडतं तेच सांगण्यात अर्थ होता. बाकीची अपयशं सांगितली असती तर प्रामाणिकपणाचं श्रेय मिळालं असतं, पण गिऱ्हाइकाचा प्रश्न तसाच राहिला असता. ताईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी होकार कळवला. सासूबाईंची नाराजी कायम राहिली, ती पुढे कामी आली.

कारण शोधणं

'आमच्याकडून चूक झाली' हे वाक्य संहितेत लिहिणं सोपं असतं आणि त्याचा उपयोग फार कमी असतो. चूक नेमकी कोणती, हे कळल्याशिवाय 'आता ती होत नाही' याला आधार नाही. म्हणून त्या बॅचचा माग काढला.

घरातला समज असा की कांडपवाल्याने आधीचा कुणाचा तरी ओला मसाला साफ न करता चटणी कांडली. पहिल्या मुलाखतीतही हे वाक्य आलं होतं. पण वहीत त्याच कांडपावरच्या, आठ दिवस आधीच्या एका लहान बॅचची नोंद सापडली आणि ती चटणी उत्तम टिकली होती. दोन्ही बॅचमध्ये मिरची तीच, मीठ तेच. फरक दोन होते. लहान बॅचचा कांदा मे महिन्यात उन्हात वाळवलेला होता, मोठ्या बॅचचा कांदा जूनमध्ये पाऊस लागल्यावर चिरला आणि न वाळवताच तळला. आणि लहान बॅच दुसऱ्या दिवशी सकाळी भरली होती, मोठी मात्र कांडून आणल्याच्या संध्याकाळीच, कारण रात्रीच्या ट्रॅव्हल्सने माल पुण्याला जायचा होता.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. चिरलेला कांदा नुसता तळला की बाहेरून लालसर दिसतो, पण जाड फोडींच्या आत पाणी राहतं. कुरकुरीत होऊन हाताने चुरा होईल तोच कांदा खरा सुकलेला. दुसरं, कांडपात घर्षणाने चटणी चांगलीच तापते. गरम चटणी बरणीत भरून झाकण लावलं की वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते चटणीच्या वरच्या थरावर पडतात. बाकीची चटणी कोरडी असली तरी तेवढ्या थरात बुरशीला पुरेल इतका ओलावा मिळतो. फोटोत बुरशी झाकणाच्या आत आणि वरच्या थरावर होती, मध्ये नव्हती. गरम भरल्याशी ते जुळतं. कांदा कमी सुकलेला असल्याने चटणीतला ओलावा आधीच वाढला होता, त्यात ही वाफ मिळाली.

यावरून कांडपवाल्याचा संबंध नव्हता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्याच्यावर ठपका ठेवायला आधारही नव्हता. संहितेतून त्याचा उल्लेख पूर्ण काढला. गाव लहान आहे, पेठेतलं कांडप म्हटलं की कुणाचं ते दहा माणसं सांगतात.

निर्णयाच्या जागा

पहिला निर्णय शब्दाचा. यजमान म्हणाले, 'चटणी खराब झाली' एवढंच म्हणू. मी 'बुरशी' वर अडून राहिलो. 'खराब' म्हणजे काय हे ऐकणारा आपल्या मनाने ठरवतो आणि बहुतेक वेळा खऱ्याहून वाईट ठरवतो. 'झाकणाच्या आत बुरशी होती' म्हटलं की नेमकं काय झालं ते कळतं, आणि पुढे येणारा उपाय त्याला जोडता येतो.

याला लागूनच एक धोक्याचं वाक्य होतं. ताई बोलण्याच्या ओघात म्हणाल्या होत्या की काही गिऱ्हाइकांनी वरचा थर काढून खालची चटणी वापरली आणि त्यांना काही झालं नाही. हे वाक्य दिलासा देणारं वाटतं, पण ते कुठल्याही परिस्थितीत जाऊ द्यायचं नव्हतं. बुरशीचे धागे दिसणाऱ्या थराच्या खालीही जातात. मिरची, धणे, खोबरं अशा पदार्थांवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखी विषं तयार करतात, आणि ती स्वयंपाकाच्या उष्णतेने नाहीशी होत नाहीत. व्यवसायाच्या अधिकृत व्हिडिओत असं वाक्य म्हणजे बुरशी आलेली चटणी खायला हरकत नाही असा सल्लाच झाला असता.

दुसरा निर्णय सगळ्यात अवघड होता. दुकानदाराचे पैसे परत केले हे खरं होतं. पण ज्यांनी एकेक-दोनदोन बरण्या घरी मागवल्या होत्या त्यांचं काय? तक्रारींच्या खाली ताईंचं उत्तर नव्हतं. त्या काळात त्या इतक्या घाबरल्या की फोनच बघेनात, आणि नंतर पूर आला. पुढे काहींना त्यांनी नवीन बरणी दिली, काहींना काहीच नाही. संहितेत 'आम्ही सगळ्यांची भरपाई केली' लिहिता येत नव्हतं. 'दुकानदाराचे पैसे परत केले' एवढंच लिहिलं असतं तर ते खरं असूनही बाकीचे लोक गायब झाले असते. व्हिडिओ बघून त्यांतल्याच एकाने खाली लिहिलं असतं, 'मला तर उत्तरही आलं नाही', तर अख्खी संहिता कोसळली असती.

मी सुचवलं की चित्रीकरणाआधी या लोकांना फोन करावेत. ताईंना ते जड गेलं. चार वर्षं उलटून गेली होती. पण त्यांनी फोन केले. एका बाईंना काही आठवतही नव्हतं. एका गृहस्थांनी चांगलंच सुनावलं, पण पैसे घेतले नाहीत. एका मुलीने नवीन बरणी मागवली आणि आग्रहाने पैसे दिले. दोघांचे नंबर बंद होते. त्यानंतरच संहितेतलं वाक्य लिहिता आलं, आणि ते 'त्यांना मी उशिरा फोन केले' असं आहे. त्यात कौतुक नाही, सफाईही नाही.

तिसरा निर्णय दाव्यांचा. ताईंच्या आधीच्या पत्रकावर 'शंभर टक्के शुद्ध, अस्सल, पारंपरिक' असं होतं. अन्नपदार्थांच्या जाहिरातींसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे नियम आहेत, आणि नैसर्गिक, शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा शब्दांच्या वापरावर त्यांत अटी आहेत. वेबसाइटवरचा व्हिडिओ ही जाहिरातच. पण नियम नसता तरी मी हे शब्द काढले असते. जी बाई झाकणाखालच्या बुरशीबद्दल नाव घेऊन बोलते तिने पुढच्याच वाक्यात 'शंभर टक्के शुद्ध' म्हटलं तर आधीच्या बोलण्याचं वजन जातं. 'आता कधीच बुरशी येणार नाही' हे वाक्यही याच कारणाने काढलं. ओला चमचा घातला तर कुणाचीही चटणी खराब होते.

चौथा निर्णय वेळेचा. उपाय दाखवायचा तर कांडून आणलेली चटणी रात्रभर ताटात थंड होताना दिसायला हवी होती. पण जून ते सप्टेंबर नवीन चटणी करायची नाही, हाच तर त्यांचा आताचा नियम. गणपतीसाठी व्हिडिओ करायचा म्हणजे भर पावसाळ्यात खोटी बॅच मांडून चित्रीकरण करणं. ज्या घाईची गोष्ट सांगायची तीच घाई करून ती सांगायची, हे कुणालाच पटेना. वेबसाइट गणपतीत व्हिडिओशिवाय सुरू केली आणि चित्रीकरण ऑक्टोबरच्या उन्हात, त्या हंगामातल्या पहिल्या खऱ्या बॅचवर केलं.

संहिता

ताई मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द बोलतात. कांडपाचा आवाज, नुसती दृश्यं आणि मधल्या थांबण्याला जागा ठेवून संहिता दीडशे शब्दांच्या आसपास ठेवली. अपयश अगदी पहिल्या वाक्यात आणलं नाही. 'आमचा माल खराब झाला होता' असं म्हणून सुरुवात केली की ती लक्ष वेधून घेण्याची युक्ती वाटते. आधी आजचं काम दाखवलं आणि त्या कामातूनच मागे गेलो.

दृश्य: स्टीलच्या ताटांत पसरलेली चटणी, वर पातळ कापड. ताई कापड उचलून हाताच्या मागच्या बाजूने चटणी तपासतात.

ताई: ही चटणी काल दुपारी कांडून आणली. अजून बरणीत भरलेली नाही. भरायची घाई मी एकदा केली होती.

दृश्य: घराचं दार, गल्ली, जुनी वही.

ताई: २०१९च्या जूनमध्ये पुण्याच्या एका दुकानाने ८० बरण्या मागितल्या. तोवर मी ओळखीच्या लोकांनाच चटणी द्यायची. मिरची उन्हाळ्यातली होती, पण कांदा त्याच आठवड्यातला. पाऊस लागला होता, ऊन नव्हतं. मी तो न वाळवताच तळला. कांडलेली चटणी हाताला गरम लागत होती, तरी त्याच संध्याकाळी भरली, कारण रात्रीच्या गाडीने माल पाठवायचा होता.

दृश्य: फोनवरचा तक्रारीचा फोटो. नाव आणि नंबर झाकलेले.

ताई: झाकणाच्या आत बुरशी आली. लोकांनी पैसे देऊन घेतलेली चटणी टाकून द्यावी लागली. दुकानदाराचे पैसे मी परत केले. घरी मागवलेल्या काही लोकांना मात्र मी तेव्हा उत्तरही दिलं नाही. भीती वाटली. त्यांना मी उशिरा फोन केले.

दृश्य: गल्लीतल्या भिंतीवरची पुराच्या पाण्याची खूण.

ताई: ऑगस्टमध्ये पूर आला. मिरचीची पोती भिजली. पण बरण्या त्याआधीच खराब झाल्या होत्या. ते पाण्यामुळं नव्हतं, माझ्या घाईमुळं होतं.

दृश्य: गच्चीवर वाळणारा कांदा, सासूबाई मुठीत चुरडून बघतात.

ताई: आता पावसाळ्यात नवीन चटणी करत नाही. कांदा असा चुरा झाल्याशिवाय तळत नाही. हे सासूबाई बघतात, त्यांनी नाही म्हटलं की नाही. बरणीवर कांडल्याची आणि भरल्याची, दोन्ही तारखा असतात. दोन्ही तारखा एकच दिसल्या तर मला फोन करा. आणि चमचा कोरडा ठेवा.

सासूबाईंचा भाग मूळ आराखड्यात नव्हता. त्यांनी व्हिडिओला विरोध केला होता. म्हणून त्यांना एवढंच विचारलं की त्या बॅचच्या वेळी त्या काय म्हणाल्या होत्या. उत्तर आलं, "मी म्हणलं हुतं, कांदा ओला हाय. कुणी ऐकलं?" आता कांद्यावर शेवटचा शब्द त्यांचा असतो, आणि तो व्हिडिओत दिसतो. त्यानंतर त्या स्वतःहून गच्चीवर येऊन बसल्या.

दोन तारखांचं वाक्य या संहितेतलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. बदल झाला हे सांगून पुरत नाही, बघणाऱ्याला तो स्वतः तपासता यायला हवा. ताई वहीत दोन्ही तारखा आधीपासून लिहीत होत्या. लेबलवर फक्त भरल्याची छापत होत्या. व्हिडिओसाठी लेबलावर एक ओळ वाढवली. अंतिम तारीख, वजन, १४ आकडी नोंदणी क्रमांक हे सगळं लेबलवर होतंच.

परिणाम

व्हिडिओ ऑक्टोबरअखेर 'आमच्याबद्दल' पानावर लागला. बरेच लोक फोनवर आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मराठी अक्षरं चित्रावरच दिली. विक्रीवर किती परिणाम झाला ते वेगळं काढता येत नाही, कारण लगेच दिवाळी आली आणि त्या दिवसांत चटणीची मागणी दरवर्षीच वाढते. बदल जाणवला तो प्रश्नांमध्ये. आधी व्हॉट्सअॅपवर 'किती दिवस टिकते', 'खराब तर होत नाही ना' असे प्रश्न यायचे. नंतर लोक बरणीचा फोटो पाठवून तारखा विचारू लागले. एका गिऱ्हाइकाला दोन्ही तारखा एकच दिसल्या. तपासल्यावर छपाईत चूक निघाली, चटणी वहीप्रमाणे दुसऱ्या दिवशीच भरलेली होती. तरी ताईंनी बरणी बदलून दिली आणि त्या गठ्ठ्यातली उरलेली लेबलं फाडून टाकली.

सगळं अनुकूलच झालं असं नाही. इचलकरंजीच्या एका दुकानदाराने व्हिडिओ बघून ठरलेली ऑर्डर थांबवली. बुरशीचं नाव आलेला माल शेल्फवर ठेवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. यजमानांना ते फार लागलं आणि बुरशीचा भाग काढूया का, असं त्यांनी दोनदा विचारलं. ताईंनी तो ठेवला. सासूबाईंची भीती पूर्ण चुकीची नव्हती, हे या एका ऑर्डरीने दाखवलं. घाऊक विक्रीवर चालणाऱ्या व्यवसायाला ही संहिता कदाचित परवडली नसती. ताईंचा बहुतेक माल थेट घरी जातो, म्हणून ती परवडली.

वेगळं काय करता येईल

जुने मेसेज आणि वही मुलाखतीच्या आधी बघितली तर मुलाखतीचा सूर बदलतो. इथे ताईंनी पुराची गोष्ट मन लावून सांगितली आणि मग तारखा समोर आल्या, त्यामुळे काही काळ त्यांना आपण पकडले गेलो असं वाटलं. आधी कागद एकत्र बसून चाळले असते तर तोच शोध दोघांनी मिळून लावल्यासारखा झाला असता. आता मी तसंच करतो.

गिऱ्हाइकांना फोन करायचं काम संहितेच्या शेवटी आलं. ते पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं, कारण त्या फोनांवरूनच काय लिहिता येईल ते ठरतं. समजा त्यांतल्या दोघा-तिघांनी आजही राग धरला असता, तर अपयशाचा भाग घ्यायचा की नाही याचाच पुन्हा विचार करावा लागला असता.

आणि इन्स्टाग्रामसाठी ३० सेकंदांचा तुकडा कापण्याची घाई करू नये. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाने असा तुकडा केला होता. त्यात बुरशीचा फोटो होता, पूर होता आणि शेवटी गच्चीवरचा कांदा. वेळ वाचवायला कापलं गेलं ते नेमकं 'बरण्या त्याआधीच खराब झाल्या होत्या' हे वाक्य, आणि ते गेल्यावर पूर पुन्हा बुरशीचं कारण होऊन बसला. तो तुकडा टाकला नाही. त्याऐवजी फक्त गच्चीवरचा भाग आणि दोन तारखांचं वाक्य घेतलं.